एका बुशचे तीनशे नग : तपासणीच्या टेबलापासून पॅरेटो चार्टपर्यंत

गुणवत्ता विभागात इंटर्न म्हणून रुजू झालेल्या व्यक्तीच्या हाती पहिल्या आठवड्यात बहुधा तीन गोष्टी येतात : नगांचा एक ट्रे, एक ड्रॉइंग आणि महिनाअखेर पॅरेटो चार्ट, म्हणजे दोष संख्येच्या उतरत्या क्रमाने मांडणारा आलेख, काढून देण्याची सूचना. चार्ट काढायला दहा मिनिटे पुरतात. त्यातला सर्वांत उंच स्तंभ खरा आहे की खोटा, हे मात्र चार्ट काढताना ठरत नाही. तपासणीच्या टेबलावर कोणत्या नगाला कोणत्या दोषाचे नाव दिले गेले, यावर ते आधीच ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात टेबलावरच्या कामाला जास्त जागा दिली आहे. उदाहरण एकच घेतले आहे, लेथवर तयार होणाऱ्या पोलादी बुशचे, आणि आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत.

बुशचे ड्रॉइंग साधे आहे. बाहेरचा व्यास २५.०० मि.मी., त्यावर टॉलरन्स वरच्या बाजूला शून्य आणि खाली ०.०५, बोअर १६ एच७, म्हणजे १६.००० ते १६.०१८ मि.मी.; लांबी ३० अधिक-उणे ०.१, दोन्ही तोंडांना १ मि.मी.चा ४५ अंशांचा चॅम्फर. आणि एक टीप, ‘सर्व कडा बरमुक्त’; बर म्हणजे कापताना कडेला राहणारी धातूची बारीक धार. पहिल्या ऑपरेशनमध्ये व्यास, बोअर आणि एक तोंड होते आणि नग पार्टिंग टूलने कापला जातो. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तो उलटा धरून दुसरे तोंड फेसिंगने लांबीला आणले जाते. तपासणी सुरू करण्यापूर्वी ही प्रक्रिया एकदा मशिनपाशी उभे राहून पाहावी, कारण दोष कोणत्या ऑपरेशनमध्ये जन्मतो हे माहीत नसेल, तर पुढे नोंदवहीत कोणते रकाने हवेत हेच सुचत नाही.

नमुना उचलणे

लॉट पाचशे नगांचा आहे. आयएसओ २८५९-१ या मानकात सर्वसाधारण स्तर दोननुसार २८१ ते ५०० नगांच्या लॉटसाठी एच हे सांकेतिक अक्षर येते आणि साध्या एकेरी तपासणीत नमुना ५० नगांचा ठरतो. लॉट स्वीकारायचा की नाही हा निर्णय त्याच तक्त्यांतल्या स्वीकृती संख्येवर होतो आणि तो वरिष्ठांचा असतो. आपण इथे तेच पन्नास नग दोषांच्या अभ्यासासाठी वापरणार आहोत.

पन्नास कोणते, हा प्रश्न कितीपेक्षा महत्त्वाचा आहे. हाताला लागतील ते वरचे नग उचलण्याचा मोह होतो आणि तिथेच पहिली चूक होते. आपल्या उदाहरणात लॉट पन्नास-पन्नास नगांच्या दहा ट्रेमध्ये येतो आणि ट्रेवर भरल्याच्या क्रमाने १ ते १० आकडे लिहिलेले असतात. प्रत्येक ट्रेमधून पाच नग घ्यावेत : दोन तळातून, दोन मधून आणि एक वरून. तळातले नग घेण्याचे कारण असे की, ठेच लागलेले नग बहुधा तिथेच असतात. आधी पडलेल्या नगांवर नंतरचे नग आदळत राहतात. आणि ट्रेचा क्रमांक जपण्याचे कारण असे की, तो क्रमांक म्हणजेच वेळ आहे. पहिल्या ट्रेतला नग ताज्या इन्सर्टने कापलेला असतो, दहाव्यातला झिजलेल्या.

नग मशिनवरून नुकतेच उतरलेले असतील, तर ते टेबलावर निवू द्यावेत. मापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि पोलाद दर अंशाला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. नग वीस अंशांनी गरम असेल, तर १६ मि.मी.चा बोअर सुमारे पावणेचार मायक्रॉनने मोठा दिसतो. आकडा किरकोळ वाटतो, परंतु बोअरचा एकूण टॉलरन्सच अठरा मायक्रॉन आहे. त्याचा पाचवा हिस्सा केवळ उष्णतेने खाल्ला जातो.

एक नग हातात घेऊन

प्रत्येक नगाचा क्रम ठरलेला असावा आणि तो पन्नास नगांत कधीही बदलू नये : आधी डोळ्यांनी, मग बर, मग बोअर, मग व्यास, शेवटी लांबी. बर बोअरच्या आधी का, हे थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे.

बोअर तपासायला गो आणि नो-गो टोकांचा प्लग गेज असतो. गो टोक सहज आत गेले पाहिजे आणि नो-गो टोक जाता कामा नये. समजा, तिसऱ्या ट्रेतल्या एका नगात गो टोक तोंडाशीच अडकले. नवखा तपासनीस लगेच ‘बोअर लहान’ असे नोंदवतो. परंतु त्याच नगाच्या तोंडावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवला, तर धागा एका जागी अडकतो. म्हणजे पार्टिंगच्या बाजूला धातूची बारीक कडा आत वळलेली आहे. ती डीबरिंग टूलने काढली, बोअर पुसला आणि पुन्हा गेज लावला, तर गो टोक आपल्याच वजनाने खाली सरकते. बोअर लहान कधी नव्हताच. दोष बरचा होता. असे दहा नग चुकीच्या नावाखाली गेले, तर महिन्याच्या शेवटी मशिनचालक बोअरिंगचा ऑफसेट बदलत बसेल आणि चांगले बोअर मोठे करून ठेवील. त्यामुळे गो अडकला की प्रथम बर पाहायची, काढायची, पुन्हा लावायचा, आणि नोंद खऱ्या कारणाखाली करायची. गेज दाबून किंवा पिळून आत घालू नये. त्याने नगाचेही नुकसान होते आणि गेजचेही.

बर बोटाने चाचपू नये. कापते, हे कारण पुरेसे आहेच, शिवाय प्रत्येकाच्या बोटाची जाणीव वेगळी असते आणि दुपारनंतर तीही बोथट होते.

बाहेरचा व्यास ०.०१ मि.मी. लघुतम मापाच्या मायक्रोमीटरने घ्यावा. सुरुवातीला कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची मुदत पाहून जबडे स्वच्छ कागदाने पुसावेत आणि २५ ते ५० पल्ल्याचा मायक्रोमीटर असल्यास सोबतच्या २५ मि.मी.च्या सेटिंग दांड्यावर शून्य पाहावे. इथे एक अडचण आहे, जी ड्रॉइंग पाहताना लक्षात येत नाही : आपला व्यास २४.९५ ते २५.०० आहे, म्हणजे ० ते २५ पल्ल्याच्या मायक्रोमीटरचे अगदी शेवटचे टोक. मर्यादेबाहेर, म्हणजे २५.०० च्या वर गेलेला व्यास त्यावर नीट वाचता येईलच असे नाही, आणि दुसऱ्या मायक्रोमीटरवर २५ च्या खालचे माप येत नाही. अशा वेळी २५.०० वर लावलेला स्नॅप गेज हा सोपा मार्ग आहे, किंवा डायल कंपॅरेटर २५.०० च्या स्लिप गेजवर शून्य करून वापरावा. आपल्या विभागात यांपैकी काय उपलब्ध आहे ते आधीच विचारून घ्यावे. माप नगाच्या दोन टोकांशी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा घ्यावे. चारही वाचने लिहिण्याची गरज नसते, परंतु एकही मर्यादेबाहेर असेल तर तो नग सदोष ठरतो. लांबीला मात्र डिजिटल व्हर्नियर पुरेसा आहे, कारण तिथे एकूण टॉलरन्स ०.२ मि.मी. आहे.

दोषाचे नाव आणि नोंद

एका लॉटच्या चेकशीटवर मी एकदा ‘फिनिश खराब’ अशा चौदा खुणा पाहिल्या होत्या. तपासणी करणाऱ्या मुलाला विचारल्यावर कळले की, त्यात टूलच्या रेषा, ठेचा, गंजाचा एक डाग आणि दोन बरवाले नग, असे सगळे एकत्र होते. तो स्तंभ चार्टवर सर्वांत उंच आला असता आणि त्यावर कोणीही काहीही करू शकले नसते. दोषाचे नाव असे हवे की, ते वाचून मशिनवरच्या माणसाला कुठे बघायचे हे कळावे, आणि त्याची खूण अशी हवी की, दोन वेगवेगळ्या तपासनीसांनी तोच नग पाहून एकच नाव लिहावे.

आमच्या बुशसाठी मी पुढील व्याख्या लिहून टेबलासमोर चिकटवीन. ‘बर’ म्हणजे कापसाचा धागा अडकतो ती कोणतीही कडा. ‘ठेच’ म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागावर नख फिरवले असता अडकणारा खड्डा. शंका आल्यास मान्य केलेल्या मर्यादा-नमुन्याशी ताडून पाहावी. ‘लांबी कमी’ आणि ‘लांबी जास्त’ हे दोन वेगळे रकाने, कारण पहिल्यात नग भंगारात जातो आणि दुसऱ्यात तो पुन्हा फेस करता येतो. ‘व्यास जास्त’ आणि ‘व्यास कमी’ हेही तसेच. ‘चॅम्फर नाही’ यात एका तोंडाचा सुटलेला चॅम्फरही येतो. यांत न बसणारे ‘इतर’ या रकान्यात जावे, पण शेजारी काय होते ते शब्दांत लिहावे.

चेकशीटच्या माथ्यावर नगाचा क्रमांक, ड्रॉइंगची आवृत्ती, लॉट क्रमांक, मशिन, तारीख, तपासलेले एकूण नग आणि तपासणाऱ्याचे नाव असावे. एकूण नगांचा रकाना लोक हमखास विसरतात आणि मग चोवीस बर शंभरांत होते की हजारांत, हे महिन्यानंतर कोणालाच सांगता येत नाही. खाली डाव्या बाजूला दोषांची नावे आणि आडवे ट्रे क्रमांक १ ते १०; प्रत्येक दोषासाठी त्या चौकटीत एक उभी रेघ, पाचवी रेघ आधीच्या चारांना छेदणारी. खूण नग हातात असतानाच करावी. पाच नग पाहून मग आठवून खुणा करण्याची सवय लागली की, आकडे गोल होऊ लागतात.

आणखी एक भेद इथेच पक्का करावा : दोष आणि सदोष नग या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. एका नगावर बर आणि ठेच दोन्ही असतील, तर दोष दोन, पण सदोष नग एक. पॅरेटो चार्ट दोषांच्या मोजणीवर निघतो, तर नाकारलेल्या नगांची टक्केवारी सदोष नगांवर. आपल्या उदाहरणात महिनाभरातील सहा लॉटचे मिळून ३०० नग तपासले गेले, त्यांत ५१ सदोष निघाले आणि त्यांच्यावर ६० दोष होते. ४२ नगांवर एकेक आणि ९ नगांवर दोन-दोन. अहवालात हे दोन्ही आकडे शेजारी लिहावेत, नाहीतर कोणीतरी साठ भागिले तीनशे करून वीस टक्के नग खराब असल्याचे जाहीर करते. खरा आकडा सतरा टक्के आहे.

चार्ट

सहा चेकशीटच्या बेरजा घेऊन दोष उतरत्या क्रमाने लावले, की तक्ता असा तयार होतो :

| दोष | संख्या | टक्के | संचित टक्के |
|---|---|---|---|
| बर | २४ | ४०.० | ४०.० |
| ठेच | १५ | २५.० | ६५.० |
| लांबी कमी | ८ | १३.३ | ७८.३ |
| व्यास जास्त | ६ | १०.० | ८८.३ |
| चॅम्फर नाही | ४ | ६.७ | ९५.० |
| इतर | ३ | ५.० | १००.० |

‘इतर’ नेहमी शेवटी असतो, त्याची संख्या कितीही असली तरी. परंतु तो जर पहिल्या दोन-तीन दोषांइतका फुगला, तर वर्गवारी चुकली आहे असे समजून शेजारी लिहिलेले शब्द पुन्हा वाचावेत.

पहिला चार्ट आलेख कागदावर हाताने काढावा, असे माझे मत आहे. अक्ष कसे जुळतात हे एकदा हाताला कळले की, संगणकाने काढलेला चुकीचा चार्ट लगेच ओळखता येतो. डावा अक्ष दोषांच्या संख्येचा, शून्यापासून ६० पर्यंत, म्हणजे एकूण दोषांइतका; दर पाच दोषांना एक सेंटिमीटर धरल्यास तो बारा सेंटिमीटर होतो. उजवा अक्ष टक्क्यांचा आणि त्याचा १०० हा बिंदू डाव्या अक्षाच्या ६० च्याच उंचीवर. बरचा स्तंभ ४.८ सेंटिमीटर उंच येतो, ठेचेचा ३, लांबीचा १.६, आणि पुढे तसेच. सर्व स्तंभ एकाच रुंदीचे आणि एकमेकांना चिकटून. संचित रेषेचा प्रत्येक बिंदू त्या-त्या स्तंभाच्या उजव्या कडेच्या सरळ वर मांडावा. ४० टक्के म्हणजे बारापैकी ४.८ सेंटिमीटर, त्यामुळे पहिला बिंदू बरोबर पहिल्या स्तंभाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर पडतो. तो तिथे पडला नाही, तर दोन्ही अक्ष जुळलेले नाहीत.

एक्सेलमध्ये नावे A रकान्यात आणि उतरत्या क्रमाने लावलेल्या संख्या B2 ते B7 मध्ये असतील, तर C2 मध्ये पुढील सूत्र लिहून खाली ओढावे आणि रकान्याला टक्केवारीचे स्वरूप द्यावे :

```
=SUM($B$2:B2)/SUM($B$2:$B$7)
```

मग संख्येसाठी स्तंभ आणि C रकान्यासाठी दुय्यम अक्षावरची रेषा असा संयुक्त चार्ट घ्यावा. एक्सेल डावा अक्ष स्वतःच्या अंदाजाने ३० वर थांबवते, त्यामुळे छोटे स्तंभही मोठे भासतात. तो ६० वर आणि उजवा अक्ष १०० टक्क्यांवर हाताने बांधून द्यावा. २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत तयार पॅरेटो चार्टही मिळतो, पण तो ‘इतर’ला शेवटी ठेवण्याची हमी देत नाही.

चार्ट काय सांगतो, काय नाही

पॅरेटो हे इटालियन अर्थशास्त्रज्ञाचे आडनाव. संपत्तीच्या विषम वाटणीबद्दलचे त्याचे निरीक्षण गुणवत्तेच्या क्षेत्रात आणले जोसेफ जुरान यांनी. ऐंशी-वीसचा आकडा त्यातूनच रूढ झाला, परंतु तो नियम म्हणून चार्टवर लादू नये. आपल्याकडे पहिले दोन दोष ६५ टक्के भरतात, तिसरा धरला तर ७८. ऐंशीच्या रेषेपर्यंत पोहोचण्यासाठी चौथ्या दोषाला ‘महत्त्वाच्यां’त ओढून घेण्याची काहीच गरज नाही.

तसेच ८ आणि ६ या आकड्यांतला फरक खरा मानू नये. इतक्या लहान मोजणीत केवळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे आठाच्या आसपास तीनएक. पुढच्या महिन्यात काहीही न बदलता तिसरा आणि चौथा क्रमांक उलटले, तर नवल नाही. बर मात्र इतका पुढे आहे की, तो पहिल्या तिघांत राहणार.

आता ट्रे आणि मशिनचे रकाने कामाला येतात. सहापैकी तीन लॉट पहिल्या मशिनवर आणि तीन दुसऱ्यावर झाले होते. चोवीस बरांपैकी पाच पहिल्या मशिनचे आणि एकोणीस दुसऱ्याचे निघाले, आणि त्या एकोणिसांतले चौदा ७ ते १० क्रमांकाच्या ट्रेमधले. दोन्ही मशिनवर लॉटच्या सुरुवातीला नवे पार्टिंग इन्सर्ट लागते. म्हणजे संशय सरळ दुसऱ्या मशिनवरच्या इन्सर्टच्या झिजेवर जातो, आणि सहाव्या ट्रेनंतर इन्सर्ट बदलून पाहणे ही एका लॉटमध्ये होणारी चाचणी आहे. ठेचेच्या पंधरांपैकी अकरा तळातल्या नगांवर होत्या. तिथे मशिनला हात लावण्याचे कारणच नाही, ट्रेमध्ये नग कसे टाकले जातात ते पाहावे लागेल. नमुना फक्त वरून उचलला असता, तर ठेच दुसऱ्या क्रमांकावर आलीच नसती.

संख्येच्या चार्टची एक मोठी मर्यादा अजून उरते. त्यात प्रत्येक दोषाचे वजन सारखेच धरलेले असते. बर काढायला अर्धे मिनिट लागते, ठेच पॉलिश करायला एक मिनिट, वाढलेला व्यास पुन्हा टर्न करायला तीन, चॅम्फर मारायला एक. परंतु लांबी कमी झालेला नग भंगारात जातो आणि त्याच्या जागी नवा करायला दोन्ही ऑपरेशन मिळून सहा मिनिटे जातात. संख्येला या मिनिटांनी गुणले, तर बर १२ मिनिटे, ठेच १५, व्यास १८, चॅम्फर ४ आणि लांबी ४८. ‘इतर’ वगळता एकूण ९७ मिनिटांपैकी जवळजवळ अर्धी एकट्या लांबीची. संख्येत तिसरा असलेला दोष वेळेत पहिला आला, आणि त्यात वाया गेलेले पोलाद अजून धरलेलेच नाही. म्हणून दोन्ही चार्ट शेजारी-शेजारी द्यावेत आणि कोणता कशावर काढला आहे, ते डाव्या अक्षावर स्पष्ट लिहावे.

लांबी कमी होण्याचे कारणही दुसऱ्या ऑपरेशनपाशी उभे राहिल्यावर सापडण्याजोगे आहे. नग चकमधल्या स्टॉपरला टेकवून धरतात. मध्ये चिपचा एक तुकडा राहिला, की नग तेवढाच बाहेर उभा राहतो, टूल मात्र ठरलेल्या जागीच फेसिंग करते आणि नगाचे जादा धातू कापले जाते. अशा नगाच्या टेकलेल्या तोंडावर चिपचा बारीक ठसा पुष्कळदा दिसतो, त्यामुळे लांबी कमी असलेले नग भंगाराच्या पेटीत टाकण्यापूर्वी त्यांची तोंडे भिंगाखाली पाहावीत.

शेवटी ‘इतर’मधले ते तीन दोष. एक गंजाचा डाग होता, एक टूलची रेष, आणि तिसऱ्या नगात प्लग गेजचे नो-गो टोक सरळ आत गेले होते. चार्टवर हा मोठा झालेला बोअर पाच टक्क्यांच्या स्तंभातला तिसरा हिस्सा आहे, पण जोडणीत असा बुश शाफ्टवर सैल बसेल आणि तो दुरुस्तही करता येत नाही. असा नग दिसताच लाल टॅग लावून बाजूला ठेवावा, त्याच ट्रेतले उरलेले पंचेचाळीस नग नो-गो टोकाने लगेच तपासावेत आणि पर्यवेक्षकांना त्याच वेळी सांगावे. महिनाअखेरच्या चार्टची वाट पाहू नये.

पुढच्या महिन्यात बदल केल्यानंतरचा चार्ट काढताना पुन्हा तीनशेच नग, त्याच व्याख्या आणि डावा अक्ष पुन्हा ६० पर्यंतच ठेवावा. दोष घटून एकूण बेरीज पस्तीस झाली, तर स्तंभ बुटके दिसले पाहिजेत. अशा तुलनेच्या चार्टमध्ये डाव्या अक्षावरचे ३५ हेच उजव्या अक्षाचे १००, त्यामुळे उजवा अक्षही तेवढ्याच उंचीवर संपवावा.